ऑन-कॉलच्या आधीचा आठवडा

*मी ३६ वर्षांची, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्शन सपोर्टला आहे. दर सहा आठवड्यांनी माझा ऑन-कॉल येतो, सोमवारी सकाळी दहा ते पुढच्या सोमवारी सकाळी दहा. रात्री दोन-तीनदा फोन वाजतोच. एरवी मी बाराला झोपते आणि सव्वासहाला उठते, कारण मुलाची व्हॅन सात दहाला येते. आधीच जास्त झोपून घेतलं की पुढचं जागरण सोसतं, असं वाचलं म्हणून मागच्या खेपेला आदल्या रविवारी नऊलाच आडवी झाले. साडेबारापर्यंत छताकडे बघत पडले होते. सासूबाई दोनदा दारात येऊन विचारून गेल्या, बरं नाही का म्हणून. मंगळवारी रात्री तीनला मी भलत्याच सर्व्हरवर कमांड चालवली, थोडक्यात निभावलं. झोप अशी साठवता येते, की हे थोतांड आहे? आणि येत असेल तर घरात काय सांगू?*

प्रिय मैत्रीण,

मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकला तो मंगळवार. ती तुमच्या ऑन-कॉलची फक्त दुसरी रात्र होती. आठवडा संपत आला असताना अशी चूक झाली असती, तर ती त्या आठवड्याच्या जागरणाच्या खात्यावर टाकता आली असती. दुसऱ्याच रात्री झाली, म्हणजे तुम्ही सोमवारी कामावर बसलात तेव्हाच थकबाकी घेऊन बसला होता.

हिशेब करून बघा. बारा ते सव्वासहा म्हणजे अंथरुणात सव्वासहा तास. त्यातून झोप लागेपर्यंतचा वेळ आणि मधली चुळबुळ वजा करा, हाती सहाही तास येत नाहीत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांच्या एका गटाला रोज आठ तास, दुसऱ्याला सहा आणि तिसऱ्याला चार तास अंथरूण द्यायचं, सलग चौदा रात्री. सहा तासवाल्यांचं लक्ष दिवसागणिक घसरत गेलं, आणि दोन आठवड्यांनी ते अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतकं ढिलं झालं होतं. त्यांना स्वतःला मात्र तसं काही जाणवत नव्हतं. पहिल्या काही दिवसांनंतर ‘किती झोप येतेय?’ या प्रश्नाला त्यांची उत्तरं जवळपास तीच राहिली, कामगिरी मात्र घसरतच होती. तुम्ही पत्रात ‘एरवी’ म्हणून जे वेळापत्रक सहज लिहून गेलात, ते या मधल्या गटाचं आहे. ‘मला सहा तास पुरतात’ असं तुम्ही मनाशी धरलं असेल, तर ते पुरण्याचं मोजमाप कुठून आलं, हा माझा पहिला प्रश्न.

आता साठवण्याबद्दल. हे थोतांड नाही. अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेत याचा नीट प्रयोग झाला आणि तो २००९ साली प्रसिद्ध झाला. चोवीस जण होते. निम्म्यांना एक आठवडा रोज दहा तास अंथरुणात ठेवलं, निम्म्यांना त्यांच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे, म्हणजे सरासरी सात तासांच्या आसपास. मग दोघांनाही सलग सात रात्री फक्त तीन-तीन तास झोपू दिलं. तुमच्या ऑन-कॉलपेक्षाही वाईट आठवडा.

लक्ष कसं मोजतात, तेही सांगते, कारण ‘लक्ष ढिलं होणं’ म्हणजे नेमकं काय ते त्यातून कळतं. हातात एक छोटी डबी असते. तिच्या पडद्यावर दोन ते दहा सेकंदांत केव्हाही आकडे धावायला लागतात, आणि ते दिसताच अंगठ्याने बटण दाबायचं. बस्स, एवढंच, पण दहा मिनिटं. ताजा माणूस पाव सेकंदात दाबतो. झोप अपुरी राहिलेला माणूसही बऱ्याचदा पाव सेकंदातच दाबतो, पण मध्येच एकदा आकडे अर्ध्या सेकंदापलीकडे, कधी दोन-तीन सेकंद धावत राहतात. डोळे उघडे, अंगठा बटणावर, आणि माणूस तिथे नाही. अशा निसटत्या क्षणांची मोजणी म्हणजे हा प्रयोग. तुमची कमांड अशाच एखाद्या क्षणात गेली असणार. तुम्हाला सर्व्हरचं नाव माहीत होतं, ते समोर लिहिलेलंही होतं, तरी ते वाचलं गेलं नाही.

त्या जागरणाच्या आठवड्यात दोन्ही गट घसरले. पण आधी दहा तास अंथरुणात काढलेल्यांचे निसटते क्षण कमी होते, आणि नंतर रोज आठ तास झोप मिळायला लागल्यावर ते लवकर सावरले. २०१५ साली एका फ्रेंच चमूने चौदा पुरुषांवर असाच प्रयोग केला. सहा रात्री जादा अंथरूण, मग एक पूर्ण रात्र जागरण. तीच माणसं दुसऱ्या खेपेला जादा झोपेविना जागली. जादा झोपेच्या खेपेला चुका कमी झाल्या, बसल्या बसल्या लागणाऱ्या डुलक्याही कमी झाल्या.

‘साठवणं’ हा शब्द मात्र मला पटत नाही, आणि तुमची रविवारची फजिती काही अंशी या शब्दानेच केली. साठवणं म्हटलं की वाटतं, आदल्या रात्री एकदा भरून घेतलं की झालं, पाण्याच्या टाकीसारखं. खरं तर बहुतेकांच्या बाबतीत हे उधारी फेडणं असतं. १९९०च्या दशकात अमेरिकेत निरोगी तरुणांना रोज चौदा तास अंधाऱ्या खोलीत ठेवून बघितलं होतं, काही आठवडे. सुरुवातीच्या रात्री ते भरपूर झोपले. मग झोप आपोआप कमी होत गेली आणि आठ तासांच्या थोडी वर स्थिरावली. अंधार आणि अंथरूण चौदा तास उपलब्ध होतं, तरी शरीराने त्यापलीकडे घेतलं नाही. म्हणजे मागचं देणं फिटतं, थोडी शिल्लकही पडत असेल, पण हवी तेवढी गंगाजळी करता येत नाही. याचा तुमच्यासाठी अर्थ एवढाच, की ज्याचं देणं जास्त त्याला या आठवड्याचा फायदाही जास्त, आणि एका रात्रीत ते फिटणार नाही. पाच-सहा रात्री तरी हव्यात.

मग रविवारी नऊला झोप का लागली नाही? तुमच्यात काही बिघाड होता म्हणून नाही. शरीराचं घड्याळ दिवसभर साचत गेलेल्या झोपेविरुद्ध आपल्याला जागं धरून ठेवतं, आणि हा जोर सगळ्यात जास्त असतो तो नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीच्या दोन-तीन तासांत. इस्रायलमधले झोपेचे अभ्यासक पेरेट्झ लावी यांनी १९८०च्या दशकात लोकांना दिवसरात्र दर वीस मिनिटांनी झोपायला सांगून हे दाखवून दिलं. संध्याकाळच्या त्या पट्ट्यात माणसं थकलेली असूनही झोपू शकत नव्हती. तुमची वेळ बाराची, म्हणजे तुमचा हा पट्टा साधारण नऊ ते अकरा. तुम्ही नेमक्या त्याच दारावर डोकं आपटत होता. वर छताकडे बघत पडल्याने ‘अंथरूण म्हणजे चिंता’ हे शरीर शिकतं, ते वेगळंच.

तेव्हा वेळ काढायचा तो तीन जागांहून. संध्याकाळचं टोक हळूहळू अलीकडे ओढायचं, सकाळचं टोक जमेल तिथे लांबवायचं, आणि शनिवार-रविवारी दुपारची झोप घ्यायची. तुमच्या पत्रातल्या वेळा धरूनच मांडते.

ऑन-कॉलच्या आधीच्या सोमवारपासून सुरुवात करा. सोमवारी आणि मंगळवारी साडेअकराला आडव्या व्हा, उठायचं नेहमीसारखं सव्वासहाला. रोज अर्धा तास जास्त. बुधवारी, गुरुवारी अकराला, म्हणजे रोज एक तास जास्त. शुक्रवारी साडेदहाला, आणि शनिवारी व्हॅन नाही असं धरून सातला उठा. शनिवारी तेच. रविवारी साडेदहाला झोपून सोमवारी सव्वासहाला. शुक्रवार-शनिवारच्या रात्री तुम्हाला प्रत्येकी सव्वादोन तास मिळाले, रविवारी दीड. सगळं मिळून आठवड्याभरात अंथरुणातले नऊ तास वाढले. शनिवारी आणि रविवारी जेवणानंतर दीडच्या सुमारास तासभर झोपलात, की अकरा. अंथरुणातला प्रत्येक तास झोपेचा नसतो, तरी यातले सात-आठ तास खरी झोप झाली, तर तुमची एक अख्खी रात्र परत आली. आठवड्यातले दोन दिवस डबा नवऱ्याने केला आणि तुम्ही पावणेसातला उठलात, तर त्यात आणखी एक तास पडतो. संध्याकाळी अर्धा तास मिळवायला शरीराशी झगडावं लागतं, सकाळी तो आपसूक मिळतो, कारण त्या वेळी घड्याळ झोपेच्या बाजूने असतं. म्हणून घरात एकच सवलत मागता येणार असेल, तर ती सकाळची मागा.

संध्याकाळचं टोक अलीकडे ओढायला उजेडाची मदत घ्या. उठल्यावर लगेच गॅलरीत किंवा गच्चीवर पंधरा-वीस मिनिटं, चहा तिथेच घ्या. रात्री नऊनंतर स्वयंपाकघराची ट्यूब बंद करून लहान दिवा. त्या आठवड्यात दुपारी दोननंतर चहा-कॉफी नको. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा पाचच्या चहातलं निम्मं रात्री दहाला अंगात असतं.

या रात्रींत काय बिघडू शकतं तेही ऐका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेकांना जास्तच जड वाटतं, आणि ‘जास्त झोपल्याने आळस चढला’ असं म्हणून ते सोडून देतात. तो थकवा आधीपासून होता, तुम्ही आता कुठे त्याला वर यायला जागा दिलीत. दोन दिवस थांबा. गाडी नीट चाललीय हे ओळखायची खूण म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी गजराच्या आधी डोळे उघडायला लागतात, आणि दुपारी आडवं झाल्यावर क्षणात झोप लागायची, तिला आता दहा-पंधरा मिनिटं लागतात. पडल्या पडल्या झोप लागणं हे आपल्याकडे भाग्याचं लक्षण समजतात. माझ्या तपासणीच्या खोलीत येऊन कुणी ते कौतुकाने सांगितलं, की मी त्यांच्या झोपेचे तास विचारते.

दुसरी गडबड शनिवारी होते. सातऐवजी साडेदहापर्यंत झोपलात, तर घड्याळ उशिराकडे सरकतं आणि रविवारी रात्री पुन्हा छत. दुपारची झोपही तीनच्या आत संपवा. आणि अंथरुणात अर्धा तास होऊन झोप नाही आली, तर उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, कपड्यांच्या घड्या घाला, झोप आली की परत जा. गोळी घेऊन हे तास भरून काढू नका. सर्दीच्या गोळ्यासुद्धा नकोत, त्यांची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते.

ज्यांना महिनोन्‌महिने निद्रानाश आहे, पडून राहिलं तरी झोपच लागत नाही, त्यांनी हा प्रकार करू नये. त्यांच्या उपचारात अंथरुणातला वेळ उलट कमी करतात. आणि कुणी आठवडाभर साडेआठ तास झोपूनही दुपारी पेंगत असेल, मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर तिथे तासांचा प्रश्न नाही. झोपेची तपासणी करून घ्यायला हवी.

आता मर्यादा. जादा झोपेने घसरण मंदावते, थांबत नाही. शिवाय पहाटे तीन ते पाचचा काळ आपल्या घड्याळाचा तळ असतो, तो कितीही झोपलेल्या माणसालाही चुकत नाही. त्यात फोनने गाढ झोपेतून उठवलं, की मेंदू पूर्ण जागा व्हायला पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो. माणूस बोलतो, चालतो, लॅपटॉप उघडतो, पण वाचलेलं तपासून बघणारा भाग अजून झोपेतच असतो.

मी रेसिडेंट होते तेव्हाची एक पहाट मला अजून दिसते. साडेचारच्या सुमारास वॉर्डात केसपेपरवर औषधाचा डोस लिहीत होते. अक्षरं ओळ सोडून खाली घसरत गेली होती, आणि लिहिताना मला ती सरळच दिसत होती. नाइटच्या सिस्टर शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हाताखालून कागद हळूच ओढला आणि म्हणाल्या, “डॉक्टर, दहाचे शंभर झालेत.” तो आकडा मीच लिहिलाय हे मला क्षणभर पटेना. त्या दिवसानंतर रात्रपाळीत लिहिलेला प्रत्येक डोस मी सिस्टरना मोठ्याने वाचून दाखवायला लागले, आणि त्याही परत वाचून दाखवायच्या.

तुम्हीही रात्रीच्या कामाला असेच कठडे बांधून घ्या. फोन आला की आधी उठून दिवा लावा, तोंडावर पाणी मारा, आणि सेवा पूर्ण बंद पडलेली नसेल तर पहिली दहा मिनिटं फक्त वाचायचं, काही बदलायचं नाही. सर्व्हरचं नाव आणि कमांड एंटर दाबण्यापूर्वी मोठ्याने वाचा. मनात वाचलेलं डोळे गाळतात, तोंडाने वाचलेलं कानावर पडतं. काही पुसायचं किंवा परत न फिरवता येणारं करायचं असेल, तर दुसऱ्या माणसाला फोन करायचाच, तो कितीही गाढ झोपला असला तरी. रात्री फक्त आधीच्या चालत्या स्थितीला परत न्यायचं, मूळ दुरुस्ती सकाळी. खऱ्या सर्व्हरची लाल आणि चाचणीच्या सर्व्हरची हिरवी अशी खिडक्यांची पार्श्वभूमी आताच, दिवसाउजेडी, लावून ठेवा.

ऑन-कॉलच्या आठवड्यातही अंथरूण साडेदहाचंच ठेवा. बाराला झोपलात आणि पहिला फोन दोनला आला, तर हातात दोन तास येतात. साडेदहाला झोपलात तर साडेतीन, आणि गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागातच असतो. दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं गजर लावून झोपा, खुर्चीत मान टाकून मिळेल ती चालेल. फोन न वाजलेल्या रात्रीची झोपही तुम्हाला शिळी वाटत असेल, आणि तो भास नाही. स्वीडनमध्ये १९८८ साली जहाजावरच्या इंजिनियरांच्या झोपेची नोंद मेंदूच्या आलेखावर घेतली होती, तेव्हा नुसत्या ‘बोलावणं येईल’ या टांगत्या घंटेने त्यांची गाढ झोप कमी झालेली आढळली. म्हणून कामाच्या अलर्टला एक वेगळी, मोठी, न चुकणारी रिंग लावा आणि बाकी सगळं मुकं करा, फॅमिली ग्रुपसुद्धा. आपण फोन ऐकणारच याची खात्री असली की एक कान कमी टवकारलेला राहतो. ज्या रात्री दोनदा उठलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुचाकी नको. रिक्षाने जा किंवा घरून काम करा. डुलकी गाडीवर यायला निमित्त लागत नाही, सिग्नलचा एक मिनिट पुरतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीत, ती म्हणजे दोन-तीनदा फोन वाजणारच. पुढच्या आठवड्यात एका वहीत प्रत्येक फोनची वेळ, कारण, आणि सकाळी आठपर्यंत थांबला असता तर काय झालं असतं, एवढं लिहा. त्यातले बरेच थांबू शकले असते असं दिसेल, असा माझा अंदाज आहे. ती वही मॅनेजरपुढे ठेवा आणि दोन गोष्टी मागा. थांबू शकणारे अलर्ट सकाळी यावेत, आणि रात्री एक ते पाचमध्ये तासभर जागलं तर दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत मीटिंग नसावी. आधीच्या आठवड्यातल्या नऊ तासांपेक्षा ही वही तुम्हाला कदाचित जास्त झोप मिळवून देईल. स्वतः जास्त झोपून वाईट वेळापत्रक पचवायला शिकणं, हा मला पुरा तोडगा वाटत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. मार्चअखेरीला बँकेत किंवा सीएच्या ऑफिसात बसणाऱ्यांचं जागरण हळूहळू चढत जातं, त्यामुळे त्यांनी शेवटच्या पंधरवड्याची वाट न बघता महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच हे करावं. नंतर मोकळी रात्र सापडत नाही. शेतीपंपाची वीज ज्यांना एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, त्यांना तर पुढचं पाळीपत्रक आधीच ठाऊक असतं. दिवसाच्या आठवड्यात उन्हाच्या वेळी दोन तास आडवं होणं त्यांच्याकडे चालतंही, फक्त ते सलग चार-पाच दिवस करावं, आणि रात्री पाणी द्यायला निघण्याआधी संध्याकाळी जेवून तासभर पडावं. रेसिडेंट डॉक्टरांना आधीचा आठवडा मोकळा नसतोच. त्यांनी निदान रात्रपाळीच्या आधीची दुपार सोडू नये. एक ते साडेतीन पडदे ओढून, फोन बाहेर ठेवून झोपावं.

राहिल्या सासूबाई. त्या दोनदा दारात आल्या, कारण त्यांच्या अनुभवात नऊला आडवी झालेली सून म्हणजे अंगात ताप असलेली सून. त्यात मला काळजी दिसते. झोपायला गेल्यावर दारातून उत्तर देऊ नका, हा जादा झोपेचा आठवडा सुरू होण्याआधीच्या रविवारी चहाच्या वेळी शेजारी बसून सांगा. “आई, पुढच्या सोमवारपासून आठवडाभर मला रात्री फोन येणार आहेत. मागच्या वेळी झोप कमी पडली आणि माझ्या हातून मोठी चूक होता होता राहिली. म्हणून हा आठवडा मी लवकर झोपणार आहे. मला बरं आहे. फक्त रात्रीचं मागचं आवरणं आणि दोन दिवसांचा डबा हे बघणार आहेत.” हे वाक्य नवऱ्याने तिथे बसून ऐकलेलं असावं, म्हणजे बुधवारी ओट्यापाशी पुन्हा बोलणी करावी लागणार नाहीत. आणि कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशेब लिहिता तिथे, त्या सात दिवसांवर झोपायची वेळ लिहून ठेवा. साडेदहा वाजले की सासूबाईच तुम्हाला हाक मारून झोपायला पाठवतील.